चिंचोक्याचं झाड होताना: प्रकाशसंश्लेषण, इयत्ता आठवी (शुक्रवारच्या तासाआधी घरी पाहायचा व्हिडिओ)

[बाई शाळेच्या व्हरांड्यात, तळहातावर चिंचोका]

नमस्कार. वही-पेन जवळ घ्या. चार ठिकाणी मी ‘थांबा’ म्हणेन, तिथे व्हिडिओ खरंच थांबवायचा. पुढे ढकलून उत्तर पाहिलंत तर मला कळणार नाही, पण उद्या वर्गात मी उत्तर विचारणारच नाहीये, ‘कशावरून?’ एवढंच विचारणार आहे.

हा चिंचोका. वजन जेमतेम एक ग्रॅम. आणि ही मागची आपली चिंच, जिच्या खोडाला कवेत घ्यायला तुमच्यातले तिघं लागतात. एवढं लाकूड आलं कुठून?

थांबा १ (एक मिनिट). माती, पाणी, हवा, ऊन: झाडाच्या वजनात सगळ्यात मोठा वाटा कशाचा? एकच निवडा, आणि कारण लिहा.

[कुंडीचं चित्र]

दरवर्षी निम्म्याहून जास्त वर्ग ‘माती’ लिहितो. साहजिक आहे, आपण खत मातीतच घालतो ना! आजच्या बेल्जियममधल्या व्हॅन हेलमाँटने हे तपासून पाहिलं. सुमारे ९० किलो कोरडी माती कुंडीत भरली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं सुमारे ७७ किलोचं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर घट फक्त ५७ ग्रॅम! म्हणजे एका छोट्या बिस्किटपुड्याएवढी. १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हे छापून आलं. त्याचा निष्कर्ष होता: झाड पाण्यापासून बनलं.

थांबा २ (दोन मिनिटं). मातीबद्दल त्याचं बरोबर होतं. पण कुंडीला आणखी एक गोष्ट सतत लागून होती, जी त्याने तोललीच नाही. कोणती?

हवा. हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ४ भाग. तरी वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, आणि तो सगळा या चार भागांतून आलेला! मला स्वतःला हे पटायला कॉलेज उजाडलं. तेव्हा आज पटलं नाही तरी चालेल, उद्या भांडा माझ्याशी.

[पान उलटं करून कॅमेऱ्याजवळ]

पानाच्या पाठीवर पर्णरंध्रं असतात, डोळ्यांना न दिसणारी. त्यांतून हवा आत जाते. पाणी मुळांकडून येतं. पेशींतल्या हरितलवकांमध्ये हरितद्रव्य असतं, ते उन्हातली ऊर्जा पकडतं आणि त्या ऊर्जेवर साखर तयार होते:

6CO₂ + 6H₂O → C₆H₁₂O₆ + 6O₂

उरतो तो ऑक्सिजन, तो बाहेर पडतो. साखरेतून झाड स्टार्च बनवतं, लाकूडही बनवतं. लक्षात घ्या, ऊन या समीकरणात पदार्थ म्हणून नाही. उनाला वजन नसतं. ज्यांनी पहिल्या प्रश्नात ‘ऊन’ लिहिलंय, त्यांनी ते खोडू नका, शेजारी आत्ता काय वाटतं ते लिहा.

थांबा ३ (एक मिनिट). लाल माठाची पानं लाल असतात. मग तो अन्न कसं बनवतो? घरी भाजी होणार असेल तर उकळताना भांड्यात डोकावून बघा.

पाणी लाल होतं आणि पानं हिरवट दिसू लागतात. हरितद्रव्य आधीपासून होतंच, लाल रंगाखाली झाकलेलं. लाल रंग पाण्यात विरघळतो, हिरवा तसा विरघळत नाही.

[उन्हात दोन ग्लास: एकात पाणी आणि ताजं पान, दुसऱ्यात नुसतं पाणी]

तासाभराने पानावर बारीक बुडबुडे दिसतात. ‘हाच ऑक्सिजन!’ असं म्हणून टाकायचा मोह होतो.

थांबा ४ (दोन मिनिटं). मग मी दुसरा, नुसत्या पाण्याचा ग्लास का ठेवला?

पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवाही बुडबुड्यांनी बाहेर येते, पान असो वा नसो. दुसरा ग्लास नसता तर कुठले बुडबुडे कशाचे, हे सांगताच आलं नसतं. ‘बुडबुडे आले, म्हणजे ऑक्सिजन’ एवढंच लिहिलंत तर मी अर्धे गुण देईन.

रात्रीचं थोडक्यात: उजेड नाही म्हणून ही क्रिया थांबते. श्वसन मात्र दिवसरात्र चालूच.

आता काम. जास्वंदीच्या झाडावरचं एक पान निवडा, तोडू नका. काळ्या कागदाची पट्टी मधोमध दोन्ही बाजूंनी गुंडाळा आणि क्लिपने लावा. पट्टी कालच लावली असेल तर उत्तम, नाहीतर आज लावा आणि पान सोमवारी आणा. वर्गात मी ते स्पिरिटमध्ये गरम करून हिरवा रंग काढेन, मग आयोडीन टाकू. स्पिरिट पेट घेतं, म्हणून हा भाग घरी करायचा नाही. स्टार्च असेल तिथे पान निळं-काळं होतं.

वहीत पानाचं चित्र काढा आणि पट्टीखाली रंग बदलेल की नाही, ते रंगवून ठेवा. पेन्सिलने नको, पेनने.