पासवर्डचे नवीन नियम आणि अकाउंटची एक्सपायरी, लॉगिन असलेल्या सगळ्यांसाठी

नमस्कार मंडळी,

आपल्या कॉम्प्युट सर्व्हरवर १ सप्टेंबरपासून दोन गोष्टी बदलतायत: पासवर्डचे नियम कडक होतायत आणि प्रत्येक अकाउंटला एक्सपायरी डेट लागतेय. ३१ ऑगस्टपर्यंत पासवर्ड बदलून घ्या, नाहीतर पुढच्या लॉगिनला सिस्टिम आधी तोच बदलायला लावेल.

पासवर्ड आता किमान १४ अक्षरांचा हवा, त्यात स्वतःचं युजरनेम नको आणि आधीचे ५ पासवर्ड परत चालणार नाहीत. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह अशी सक्ती मी मुद्दाम ठेवलेली नाही, कारण तशी सक्ती केली की लोक हमखास पहिलं अक्षर कॅपिटल करून शेवटी @123 लावतात आणि पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रामना तेच सगळ्यात आधी माहीत असतं. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा, लांब होतो आणि लक्षातही राहतो. दर तीन महिन्यांनी बदला असंही म्हणणार नाही, फुटल्याचा संशय आला तरच बदलायला सांगेन. फक्त एक कळकळीची विनंती, दुसऱ्या कुठल्याही साइटवर वापरलेला पासवर्ड इथे नको. तिथला डेटा लीक झाला की तीच ईमेल-पासवर्डची जोडी सगळीकडे लावून बघितली जाते, मग तुमचा पासवर्ड कितीही लांब असो.

आता एक्सपायरीचं. कोर्स किंवा प्रोजेक्ट संपून लोक निघून जातात आणि त्यांची अकाउंट तशीच उघडी राहतात, त्यात कोणी बाहेरचा शिरला तर महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येणार नाही, मला खरी काळजी ह्याचीच आहे. म्हणून विद्यार्थ्यांचं अकाउंट कोर्स संपेपर्यंत, प्रोजेक्टवाल्यांचं करार संपेपर्यंत आणि पाहुण्यांचं ६ महिने. ३० दिवस आधी आणि परत ७ दिवस आधी मेल येईल. मुदत वाढवायची असेल तर तुमच्या गाइडचा एक मेल पुरे, फॉर्म वगैरे काही नाही. तारीख उलटली की एसएसएच की असली तरी लॉगिन बंद, क्रॉन जॉबसुद्धा थांबतील, म्हणजे लांबलचक रन लावणाऱ्यांनी तारीख आधी बघा. फायली लगेच जाणार नाहीत, ९० दिवस ठेवू, त्यानंतर मात्र डिलीट.

पासवर्ड बदलायला आणि आपली तारीख बघायला:

```
passwd
chage -l $USER
```

दुसऱ्या कमांडमध्ये `Account expires` ही ओळ बघा. तारीख चुकीची वाटली तर २५ ऑगस्टच्या आत कळवा.

ह्या मेलमध्ये एकही लिंक नाहीये. "पासवर्ड अपडेट करा" म्हणून लिंकवाला मेल आला तर तो आमचा नाही, क्लिक न करता मला फॉरवर्ड करा. पासवर्ड आम्ही कधीच विचारत नाही, फोनवरही नाही. लॉगिन अडकलं तर आयकार्ड घेऊन सर्व्हर रूमशेजारच्या टेबलावर या, सोमवार ते शुक्रवार ११ ते १ मी तिथेच असतो.

सिस्टिम अ‍ॅडमिन