दिवेलागण : पालक आणि मुलांसाठी दीड तासाचा पाठ

स्टॉकहोम, रविवारची मराठी शाळा. डिसेंबरचा पहिला रविवार, दुपारी २ ते ३.३०. मुलं ७ ते ११ वर्षांची, प्रत्येकाबरोबर आई किंवा बाबा. आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांना नक्की आणा.

आणायचं साहित्य : निरांजन, तेल, कापूस. मेकअप पुसायचे गोल बोळे नकोत, त्यांची वात वळत नाही. उदबत्तीही नको, हॉलमधला धुराचा अलार्म फार हळवा आहे.

सुरुवातीला सगळ्यांनी वाती वळायच्या. तळहातावर कापूस, बोटाला किंचित राख किंवा दूध, आणि हात चालू असताना गप्पा. या वीस मिनिटांत शिक्षकाने काहीही शिकवू नये. वळ, पीळ, तेलात भिजव, वात पुढे सरकव : हे शब्द हाताबरोबरच येतात, फळ्यावर लिहून येत नाहीत.

पावणेतीनच्या सुमारास बाहेर सूर्य मावळतो. दिवे बंद करून निरांजन लावायचं आणि म्हणायचं : ‘दिवा लावला देवापाशी, उजेड पडला तुळशीपाशी.’ ‘शुभं करोति’ मुलांना पाठ असतं, पण ते संस्कृत. अर्थ विचारला की पालकच चुळबुळतात. म्हणून आज मराठी ओळींवरच थांबू. ‘-पाशी’ म्हणजे काय? दारापाशी, आजीपाशी, खिडकीपाशी. मग प्रत्येकाने आपली ओळ जोडायची. गेल्या वर्षी एका मुलीने ‘उजेड पडला बर्फापाशी’ म्हटलं होतं. तिच्या घरची तुळस नोव्हेंबरातच गेली होती.

आता पाठाचा गाभा. निरांजन निवेल तेव्हा मुलांना विचारा, काय झालं? बहुतेक ‘विझलं’ म्हणतील. आजी काय म्हणते? ‘शांत झालं.’ नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’. घरातून निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’. देवाधर्माबद्दल लांबलचक समजावण्यापेक्षा ही क्रियापदं घरात रोज कानांवर पडू द्या. स्वीडिशमध्ये बोलणाऱ्या मुलाला ‘येतो’ म्हणायची सवय लागली, तर मला तरी पुरे आहे.

मुलं विचारतीलच, ‘दिव्याला नमस्कार कशाला?’ उत्तर पालकांनी द्यायचं, एका मराठी वाक्यात. ‘आपल्यात करतात’ हे उत्तर चालणार नाही. ‘मलाही नीट माहीत नाही, पण आई करायची’ चालेल. १३ डिसेंबरला शाळेत लुसिया असते, मुलं मेणबत्त्यांच्या उजेडात गातात. त्यांना तिथलं विचारा आणि ऐका, ‘आपलंच चांगलं’ असा सूर नको.

घरचा अभ्यास : जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि मुलं तोवर झोपलेली असतात. मग आपल्या घरी तिन्हीसांज केव्हा? जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी मिळून ठरवा. पुढच्या रविवारी ती वेळ आणि तिचं कारण मुलाने सांगायचं, मराठीत. मध्ये पालकांनी शब्द पुरवायचे नाहीत.