भाडेकरूतर्फे घरमालकांच्या नोटिशीस उत्तर

रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह

दिनांक : २४ फेब्रुवारी २०२५
पुणे

प्रति,
अॅड. एस. आर. जाधव,
शिवाजीनगर, पुणे

आपले अशील : श्री. अरविंद शंकर भोसले, राहणार शुक्रवार पेठ, पुणे
आमच्या अशील : श्रीमती सुमन विठ्ठल शिंदे, वय ७१ वर्षे, राहणार वरीलप्रमाणे, त्याच वाड्यात, पहिला मजला

विषय : आपली दि. ३ फेब्रुवारी २०२५ ची नोटीस

महोदय,

आपण आपल्या अशिलांतर्फे पाठविलेली वरील नोटीस आमच्या अशिलांना दि. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी मिळाली. त्यांनी दिलेली माहिती व आम्हास दाखविलेली कागदपत्रे यांवरून, त्यांच्या सूचनेनुसार, हे उत्तर देत आहोत.

नोटिशीतील जो मजकूर या उत्तरात स्पष्टपणे कबूल केलेला नाही, तो आमच्या अशिलांना मान्य नाही. नोटिशीत काही ठिकाणी वापरलेली भाषा आमच्या अशिलांच्या मनाला लागली आहे. तिला तशाच भाषेत उत्तर देण्याची त्यांची इच्छा नाही. दोन्ही कुटुंबे एकाच वाड्यात, एकाच जिन्याने ये-जा करीत सत्तेचाळीस वर्षे राहत आली आहेत. म्हणून या उत्तरात फक्त वस्तुस्थिती आणि कायदा एवढेच मांडले आहे.

१. आमच्या अशिलांचा दर्जा

नोटिशीत त्यांना "अनधिकृत कब्जेदार" म्हटले आहे. हे चुकीचे आहे. वाड्याच्या पहिल्या मजल्यावरील दोन खोल्या व मोरी ही जागा आपल्या अशिलांच्या वडिलांनी १९७८ साली आमच्या अशिलांचे पती कै. विठ्ठल शिंदे यांना राहण्यासाठी मासिक भाड्याने दिली. कै. शिंदे यांचे २०१६ साली निधन झाले. त्या वेळी आमच्या अशील त्यांच्यासोबत याच जागेत राहत होत्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७(१५)(डी) प्रमाणे त्या भाडेकरू आहेत. आपल्या अशिलांनीही तसेच मानले आहे, कारण २०१६ नंतरच्या भाडेपावत्या त्यांनी स्वतःच्या सहीने "श्रीमती सुमन शिंदे" या नावाने दिल्या आहेत. त्या पावत्या आमच्या अशिलांकडे आहेत. असे असताना हा शब्द नोटिशीत कसा आला, हे आम्हास समजत नाही.

२. भाड्याची बाकी

नोटिशीचा मुख्य आधार हाच आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

आपल्या म्हणण्याप्रमाणे जानेवारी २०२४ ते जानेवारी २०२५ या तेरा महिन्यांचे भाडे, दरमहा १,२०० रुपयांप्रमाणे १५,६०० रुपये येणे आहे. यातील दरही बरोबर नाही आणि महिनेही बरोबर नाहीत.

दर आजवरच्या वाढीसह ८५० रुपये आहे. आपल्या अशिलांनी सही केलेल्या शेवटच्या पावतीवर, म्हणजे जून २०२४ च्या पावतीवर, हाच आकडा आहे. १,२०० रुपये भाडे ठरल्याचा कोणताही कागद नोटिशीसोबत नाही व तसे तोंडीही कधी ठरलेले नाही. ८५० वरून १,२०० म्हणजे सुमारे ४१ टक्के वाढ होते. अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे घरमालकास वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. ८५० रुपयांवर ही वाढ ३४ रुपये होते. आपल्या अशिलांनी अशा वाढीची लेखी मागणी केल्यास, मागणीनंतरच्या महिन्यापासून ८८४ रुपये देण्यास आमच्या अशील तयार आहेत. कायद्याने जे द्यायचे ते नाकारण्याचा त्यांचा विचार नाही.

आता महिन्यांविषयी. जानेवारी ते जून २०२४ या सहा महिन्यांच्या सहा पावत्या आमच्या अशिलांकडे आहेत. त्यांच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत. हे महिने थकबाकीत धरण्याचे कारण नाही.

जुलै व ऑगस्ट २०२४ चे भाडे आमच्या अशिलांनी रोख दिले. आपल्या अशिलांच्या चिरंजीवांनी ते घरी येऊन स्वीकारले व पावती बाबा नंतर देतील असे सांगितले. ती पावती मिळाली नाही. या दोन महिन्यांची पावती आमच्याकडे नाही, ही गोष्ट आम्ही येथेच सांगतो. आमच्या अशिलांच्या हिशेबाच्या वहीत त्या त्या तारखेची नोंद मात्र आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये भाडे हातात घेण्यास आपल्या अशिलांनी नकार दिला. तेव्हापासून जानेवारी २०२५ पर्यंत आमच्या अशिलांनी दरमहा मनिऑर्डर केली. पाचही मनिऑर्डरी "घेण्यास नकार" या पोस्टाच्या शेऱ्यासह परत आल्या. ज्यांना भाडे द्यायचेच नाही, ते गुडघ्यांच्या त्रासात दर महिन्याला पोस्टाच्या रांगेत उभे राहत नाहीत. परत आलेल्या फॉर्मच्या प्रतीही सोबत आहेत.

तरीही भाड्याविषयी वाद राहू नये, यासाठी जुलै २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या आठ महिन्यांचे, दरमहा ८५० प्रमाणे, एकूण ६,८०० रुपये या उत्तरासोबत पाठवीत आहोत. दि. २१ फेब्रुवारी २०२५ चा डिमांड ड्राफ्ट क्रमांक ४१८२०६ आपल्या अशिलांच्या नावे आहे. यातील जुलै व ऑगस्टचे १,७०० रुपये आमच्या अशील दुसऱ्यांदा देत आहेत. ही रक्कम त्या आपला हक्क राखून देत असून, पूर्वीचे पैसे मिळाल्याचे आपल्या अशिलांनी मान्य केल्यावर ती पुढील दोन महिन्यांच्या भाड्यात वळती करून घ्यावी, ही विनंती. ड्राफ्ट स्वीकारल्याने आपल्या अशिलांच्या इतर कोणत्याही म्हणण्यास बाधा येते असे आम्ही म्हणणार नाही.

नोटिशीत पैसे भरून जागा सोडण्यास पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा करण्यापूर्वी मागणीची लेखी नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवस जावे लागतात, असे कलम १५(२) सांगते. येथे ते दिवस ८ मे २०२५ रोजी पूर्ण होतात. आमच्या अशिलांनी त्याच्या कितीतरी आधी रक्कम पुढे केली आहे. भाडे देण्याची त्यांची तयारी पूर्वीही होती व आजही आहे, आणि कलम १५(१) चे संरक्षण त्यांना आहे.

३. स्वयंपाकघरातील ओटा

आमच्या अशिलांनी परवानगीविना "पक्के बांधकाम" केल्याचा आरोप आहे. स्वयंपाकाच्या खोलीत पूर्वी जमिनीलगत चूल-शेगडीची जागा होती. आमच्या अशिलांना गुडघ्यांच्या दुखण्यामुळे खाली बसता येईना, तेव्हा २०२१ साली तेथेच विटांच्या आधारावर कडप्पा टाकून उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा केला. भिंत पाडलेली नाही, फरशी उखडलेली नाही, जागेचा आकार वा उपयोग बदललेला नाही. काम चालू असताना आपले अशील येऊन पाहून गेले होते व चार वर्षांत त्यांनी हरकत घेतली नाही.

कलम १६(१)(बी) मधील "पक्के बांधकाम" या शब्दांत काय येत नाही, हे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच दिले आहे. लाकडी पार्टिशन, खिडकी, फॉल्स सीलिंग यांच्यासोबत स्वयंपाकघरातील उभा ओटाही तेथे नावाने आला आहे. आपण हे स्पष्टीकरण पुन्हा पाहावे, ही विनंती.

४. जागेची गरज

आपल्या अशिलांच्या चिरंजीवांचा विवाह ठरल्याचे आमच्या अशिलांना नोटिशीतून समजले. त्यांना लहानाचे मोठे होताना त्यांनी पाहिले आहे आणि या बातमीचा त्यांना आनंद आहे. मात्र जागेची गरज खरी व वाजवी आहे, हे मान्य करता येत नाही. याच वाड्यात तळमजल्यावरील दोन खोल्या २०२३ साली रिकाम्या झाल्या व आपल्या अशिलांनी त्या लिव्ह अँड लायसन्सने बाहेरच्यांना दिल्या. आमच्या अशिलांना दुसरे घर नाही. त्यांच्यासोबत मुलगा, सून व जवळच्याच शाळेत जाणारी नात राहते. कलम १६(१)(जी) खालील मागणीचा विचार करताना कोणाला अधिक त्रास होईल हे पाहावे लागते, असे कलम १६(२) म्हणते.

५. उपद्रवाचा आरोप

शेजाऱ्यांना त्रास दिल्याचा आरोप नाकारला आहे. त्यात तारीख, प्रसंग किंवा व्यक्ती यांपैकी काहीच नसल्याने अधिक उत्तर देता येत नाही.

६. पाणी व वीज

पंधरा दिवसांत जागा न सोडल्यास पाणी व वीज बंद करण्यात येईल, असे नोटिशीच्या शेवटी लिहिले आहे. घरात वृद्ध स्त्री व शाळकरी मूल आहे. अत्यावश्यक सोयी वाजवी कारणाविना तोडण्यास कलम २९ ने मनाई आहे. वकिलाच्या नोटिशीत हे वाक्य राहायला नको होते, असे आम्हास प्रामाणिकपणे वाटते. ते मागे घेतल्याचे आपण एका ओळीने कळवावे. ताब्याविषयी आपल्या अशिलांचे जे म्हणणे असेल, ते ठरविण्यास पुण्याचे लघुवाद न्यायालय आहे.

७. दुरुस्ती

मागच्या खोलीच्या कौलांतून पावसाळ्यात पाणी गळते. याविषयी आमच्या अशिलांनी जून २०२४ मध्ये लेखी पत्र दिले होते. घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी कलम १४ प्रमाणे घरमालकांची आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या अशिलांनी स्वखर्चाने ताडपत्री टाकून घेतली, पण तो खर्च भाड्यातून कापला नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी कौले फेरून द्यावीत. आपल्या अशिलांना जागा पाहावयाची असल्यास एक दिवस आधी कळवून केव्हाही यावे.

८. आमची विनंती

सोबतचा ड्राफ्ट स्वीकारून आठ महिन्यांच्या पावत्या द्याव्यात. पुढील भाडे थेट जमा करण्यासाठी आपल्या अशिलांनी बँक खात्याचा तपशील कळवावा, म्हणजे पावतीचा प्रश्न पुन्हा येणार नाही. तपशील मिळेपर्यंत आमच्या अशील दरमहा १० तारखेच्या आत मनिऑर्डर करीत राहतील. नोटिशीच्या खर्चाचे ५,००० रुपये देण्यास त्या जबाबदार नाहीत.

दर, दुरुस्ती किंवा अन्य बाबींवर समोरासमोर बोलावयाचे असल्यास आमच्या अशील आपल्या वा आमच्या कार्यालयात येण्यास तयार आहेत. जागा सोडण्याच्या अटीवर मात्र ही बोलणी होऊ शकणार नाहीत.

या उत्तराची स्थळप्रत आमच्या कार्यालयात ठेवली आहे.

आपली,
अॅड. माधवी पाटील
श्रीमती सुमन विठ्ठल शिंदे यांच्यातर्फे

मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.
(सही) सुमन विठ्ठल शिंदे

सोबत : ६,८०० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट, सहा भाडेपावत्या, परत आलेल्या पाच मनिऑर्डरी व जून २०२४ चे पत्र यांच्या छायाप्रती