बस, वेग आणि अर्धा तास: फोटोतील उदाहरण समीकरणांसह

मडगावहून सोडवण्यासाठी आलेल्या पुस्तकातील उदाहरणाच्या फोटोत पानाच्या घडीची सावली दुसऱ्या ओळीच्या शेवटावर पडली आहे. तिथला शब्द ‘कमी’ की ‘जास्त’ हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. पण पुढच्या ओळीत ‘उशिरा’ स्पष्ट दिसते. बस उशिरा पोहोचायची तर वेग कमीच झाला पाहिजे. ही खात्री झाल्यावर उदाहरण असे वाचता येते:

एक बस ठरावीक वेगाने दोन गावांमधील अंतर कापते. बसचा वेग ताशी 10 किमीने जास्त असता, तर ती 30 मिनिटे लवकर पोहोचली असती. वेग ताशी 10 किमीने कमी असता, तर ती 1 तास उशिरा पोहोचली असती. दोन गावांमधील अंतर काढा.

विचारले आहे अंतर, पण अंतरालाच x मानले की अपूर्णांक अंगावर येतात. वेग आणि वेळ मानावेत, अंतर त्यांच्या गुणाकारातून आपोआप मिळते.

बसचा वेग ताशी x किमी आणि लागणारा वेळ y तास मानू.

अंतर = वेग × वेळ = xy किमी

वेग ताशी किलोमीटरमध्ये दिला आहे, म्हणून वेळही तासांतच हवा. 30 मिनिटे = 1/2 तास. पहिली पायरी लिहिण्याआधीच हा बदल करून घ्यावा.

पहिली अट: वेग (x + 10), वेळ (y − 1/2), अंतर तेच.

(x + 10)(y − 1/2) = xy
xy − x/2 + 10y − 5 = xy
−x/2 + 10y − 5 = 0

दोन्ही बाजूंना −2 ने गुणून:

x − 20y + 10 = 0
x − 20y = −10 … (1)

दुसरी अट: वेग (x − 10), वेळ (y + 1).

(x − 10)(y + 1) = xy
xy + x − 10y − 10 = xy
x − 10y = 10 … (2)

दोन्ही ठिकाणी xy उडून जाते, म्हणूनच वर्गसमीकरण न येता साधी रेषीय समीकरणे उरतात. या उदाहरणाची खरी गंमत इथेच आहे.

(2) मधून (1) वजा करू:

(x − 10y) − (x − 20y) = 10 − (−10)
10y = 20
y = 2

y ची किंमत (2) मध्ये ठेवून: x − 20 = 10, म्हणून x = 30.

अंतर = xy = 30 × 2 = 60 किमी.

उत्तर: दोन गावांमधील अंतर 60 किमी आहे.

ताळा: ताशी 40 किमीने 60 किमीला दीड तास, म्हणजे अर्धा तास लवकर. ताशी 20 किमीने 3 तास, म्हणजे एक तास उशिरा. दोन्ही अटी जुळतात.

वेग सारखाच 10 ने बदलला, मग वाचला अर्धा तास आणि वाढला पूर्ण तास, असे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना हमखास पडतो, आणि तो पडायलाच हवा. वेळ वेगाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वेग 30 वरून 40 झाला की वेळ 3/4 पट होतो, 2 तासांचे 1.5 तास. वेग 30 वरून 20 झाला की वेळ 3/2 पट होतो, 2 तासांचे 3 तास. अंतर जेवढे कमी वेगाने कापावे, तेवढा प्रत्येक किलोमीटर जास्त महाग पडतो. ताशी 30 हा सरासरी वेगही अवास्तव नाही. गावोगाव थांबत जाणाऱ्या आपल्या बसचा सरासरी वेग साधारण असाच पडतो.

आता चुका कुठे होतात ते. 1/2 ऐवजी 30 लिहिले तर पहिल्या अटीतून −30x + 10y − 300 = 0 येते, आणि त्यात x = 10y + 10 ठेवले की y = −60/29. वेळ ऋण आला की गणित पुढे न ढकलता एकके तपासावीत. सगळे मिनिटांत करायचेच असेल तर ताशी 10 किमीचेही मिनिटाला 1/6 किमी करावे लागेल. नुसता वेळ बदलून चालत नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. −2 ने गुणताना −5 चे 10 करायचे राहून 5 च लिहिले, तर समीकरण x − 20y = −5 होते. मग y = 1.5, x = 25 आणि अंतर 37.5 किमी. दुसरी अट तपासली तर 15 × 2.5 = 37.5, ती बरोबर जुळते! पहिल्या अटीत मात्र 35 × 1 = 35 येते. एकच अट तपासून वही मिटली, तर हे चुकीचे उत्तर बरोबर वाटून जाईल.