ज्युनियर नेटवर्क इंजिनिअर मुलाखत: स्विचिंगचे प्रश्न आणि अपेक्षित उत्तरं

काम शाखांमधले सिस्को ॲक्सेस स्विच सांभाळण्याचं आहे. पाठ केलेल्या व्याख्या ऐकत बसू नये, प्रसंग सांगून विचारावं.

प्रश्न १: स्विच नुकताच चालू झालाय. पोर्ट ३ वरच्या पीसीनं पोर्ट ७ वरच्या प्रिंटरला फ्रेम पाठवली. स्विच काय करेल?

उत्तर: मॅक टेबल रिकामं आहे. स्विच आधी सोर्स मॅक पोर्ट ३ वर नोंदवेल. प्रिंटर कुठे आहे हे माहीत नसल्यानं पोर्ट ३ सोडून त्याच व्हीलॅनच्या बाकी सगळ्या पोर्टवर फ्रेम फ्लड करेल. प्रिंटरनं उत्तर दिलं की त्याचा मॅक पोर्ट ७ वर नोंदला जाईल आणि पुढच्या फ्रेम थेट तिकडेच जातील. ३०० सेकंद त्या मॅककडून काहीच आलं नाही, तर डीफॉल्टनं नोंद निघून जाते.

("ब्रॉडकास्ट करेल" असं म्हटलं तर थांबवून फरक विचारा. ब्रॉडकास्टमध्ये डेस्टिनेशनच `ffff.ffff.ffff` असतं. "त्याआधी एआरपी होईल" हे स्वतःहून सांगणारा उमेदवार लक्षात ठेवा.)

प्रश्न २: अकाउंट्सचे लोक व्हीलॅन ३० मध्ये आहेत. दुसऱ्या मजल्यावर बसवल्यावर त्यांना आयपी मिळेना. डीएचसीपी सर्व्हर खालच्या मजल्यावर, त्याच व्हीलॅनमध्ये आहे. वरच्या स्विचवर हे दिसतं:

```
SW2# show interfaces trunk
Port      Vlans allowed on trunk
Gi0/24    10,20
```

उत्तर: ट्रंकवर ३० ला परवानगीच नाही. इंटरफेसमध्ये जाऊन:

```
switchport trunk allowed vlan add 30
```

मग ट्रंकचं दुसरं टोक आणि SW2 वर व्हीलॅन ३० तयार आहे का, हेही बघेन.

(खरी परीक्षा `add` ची. ते विसरलं तर जुनी यादी पुसली जाऊन एकटा ३० उरतो, आणि १०, २० वाल्यांचे फोन सुरू होतात. "`add` नसतं तर?" हे विचाराच.)

प्रश्न ३: ट्रंकवर फ्रेम कुठल्या व्हीलॅनची हे कसं कळतं?

उत्तर: ८०२.१क्यूचा ४ बाइटचा टॅग असतो. नेटिव्ह व्हीलॅनची फ्रेम डीफॉल्टनं बिनटॅगची जाते, म्हणून दोन्ही टोकांना नेटिव्ह व्हीलॅन एकच हवा.

प्रश्न ४: कोणीतरी केबलची दोन्ही टोकं भिंतीवरच्या दोन पॉइंटमध्ये खोचली. पुढे?

उत्तर: लूप होतो. इथरनेट फ्रेमला टीटीएल नसतो, त्यामुळे ब्रॉडकास्ट फिरतच राहतात, मॅकच्या नोंदी या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारतात आणि स्विचचा सीपीयू चढतो. स्पॅनिंग ट्री एक पोर्ट ब्लॉक करून हे थांबवतो. युजरच्या पोर्टवर पोर्टफास्टबरोबर बीपीडीयू गार्डही लावेन, म्हणजे बीपीडीयू येताच पोर्ट `err-disabled` होईल.

प्रश्न ५: रूट ब्रिज कोण होतो?

उत्तर: ज्याचा ब्रिज आयडी सर्वांत कमी तो. प्रायॉरिटी सगळीकडे ३२७६८ च राहिली तर कमी मॅकवाला जिंकतो, आणि तो कोपऱ्यातला जुनाट स्विचही असू शकतो. म्हणून कोअर स्विचवर प्रायॉरिटी आपण कमी करायची.