साक्षीदार आजारी असल्याने सुनावणीची तारीख बदलून मिळणेबाबत अर्ज

दिनांक : 23 सप्टेंबर 2024

प्रति,
मा. प्रबंधक,
मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, ठाणे

संदर्भ : मो. अ. दावा अर्ज क्र. 412/2022, नेमलेली तारीख 25 सप्टेंबर 2024

महोदय,

मी वरील दाव्यातील अर्जदार क्र. 1. माझे पती 9 फेब्रुवारी 2022 रोजी घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याजवळ टेंपोच्या धडकेने वारले. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 166 खाली नुकसानभरपाईसाठी मी व माझ्या दोन मुलांनी हा दावा दाखल केला आहे. बुधवारी त्यात आमचे साक्षीदार क्र. 2 यांचा उलटतपास ठेवलेला आहे.

हे साक्षीदार रिक्षाचालक असून शुक्रवार, 20 सप्टेंबरपासून डेंग्यूमुळे रुग्णालयात दाखल आहेत. शनिवारी त्यांच्या प्लेटलेट 38,000 पर्यंत उतरल्या होत्या. मी काल स्वतः जाऊन भेटले. त्यांना उठून बसणेही जड जात होते. घरी सोडल्यानंतर किमान दहा दिवस विश्रांती घ्यावी, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. ते प्रमाणपत्र आणि रक्त तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे.

त्यांच्या जागी दुसरा साक्षीदार मी आणू शकत नाही. पतीने इशारा न देता स्कूटर वळवली, असे टेंपोमालक व विमा कंपनी यांनी आपल्या लेखी जबाबात म्हटले आहे. टेंपोने मागून धडक दिल्याचे डोळ्यांनी पाहिलेले हे एकटेच आहेत. पंचनामा नंतरचा, आणि मी तर त्या वेळी घरी होते. त्यांचे सरतपासाचे प्रतिज्ञापत्र यापूर्वीच दाखल आहे. परंतु उलटतपास झाला नाही तर त्या प्रतिज्ञापत्राचा आम्हाला उपयोग होणार नाही.

आजवर आम्ही एकदाही तारीख मागितलेली नाही. दावा लांबला तर झळ आम्हालाच बसते, मुलीच्या कॉलेजची फी उसनवारीवर भरली आहे. तरीही आज मुदत मागावी लागते आहे, कारण आजारी माणसाला साक्षीच्या पिंजऱ्यात ओढून आणणे माझ्या मनाला पटत नाही.

तरी हा अर्ज मा. सदस्यांसमोर ठेवून उलटतपासासाठी 14 ऑक्टोबरनंतरची, शक्यतो दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची तारीख मिळावी आणि बुधवारी साक्षीदार गैरहजर राहिले म्हणून आमचा पुरावा बंद करू नये, ही नम्र विनंती. तोपर्यंतही त्यांना कोर्टात येणे झेपले नाही, तर दूरदृश्य प्रणालीद्वारे किंवा कोर्ट कमिशनर नेमून घरी साक्ष घेण्यास आमची हरकत नाही. बुधवारी मी व माझे वकील हजर राहूच.

अर्जाची प्रत सामनेवाल्यांच्या दोन्ही वकिलांना आज दिली असून त्यांची पोच जोडली आहे.

वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

आपली विश्वासू,
(सही)
सुनंदा रमेश गावडे
अर्जदार क्र. 1, स्वतःकरिता व अज्ञान मुलाची पालक म्हणून
मानपाडा, ठाणे (पश्चिम)

सोबत : वैद्यकीय प्रमाणपत्र, रक्त तपासणी अहवाल, सामनेवाल्यांच्या वकिलांची पोच