व्याजदर बदलला की हलतं काय? चाचणीच्या आकृत्यांबद्दल थोडं

एसवायबीएच्या मुलामुलींनो,

शनिवारच्या चाचणीच्या 46 उत्तरपत्रिका तपासून झाल्या. उद्या वर्गात मिळतील. गुण पाहून माझ्याकडे धावत येण्याआधी हे वाचा, कारण तिसऱ्या प्रश्नात निम्म्याहून जास्त जणांचे गुण एकाच ठिकाणी गेले आहेत.

प्रश्न सरळ होता. 6 जून 2025 ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर 6 टक्क्यांवरून 5.5 टक्क्यांवर आणला, त्याचा परिणाम पैशाच्या बाजाराच्या आकृतीत दाखवा. सत्तावीस जणांनी मागणीचा वक्र उचलून उजवीकडे ठेवला. खाली कारणही जवळपास सारखंच: 'व्याजदर कमी झाल्यामुळे पैशाची मागणी वाढली.' वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. आकृती मात्र चूक. शिवाय त्या आकृतीत नवा समतोल जुन्याच्या वर येतो, म्हणजे व्याजदर वाढलेला दिसतो! दर उतरल्याचं दाखवायला निघालात आणि चढवून आलात. तीन-चार जणांच्या हे लक्षात आलं असावं, कारण तिथे खोडरबराने कागद पार विरला आहे.

आता अकरावी-बारावीत पाठ केलेलं आठवा. किंमत उतरल्यामुळे मागणी वाढली तर तो मागणीचा विस्तार. वक्र जागचा हलत नाही, आपण त्याच वक्रावरून खाली सरकतो. किंमत तीच राहून उत्पन्न किंवा आवडनिवड बदलली तर मागणीतील वृद्धी, तेव्हा वक्र सरकतो. कांद्या-बटाट्याला हे तुम्ही झोपेतही लावाल. पैशाच्या बाजारात व्याजदर हीच ती 'किंमत' आहे आणि ती उभ्या अक्षावर आधीच बसलेली आहे. अक्षावर जे मोजलं जातं, त्याच्यामुळे वक्र सरकत नाही.

मग हलतं काय? पुरवठ्याची उभी रेषा. रिझर्व्ह बँक बँकांकडून रोखे विकत घेते, बँकांच्या हाती पैसा येतो, पप रेषा उजवीकडे प१प१ ला जाते. मम वक्र तिथेच. समतोल अ बिंदूवरून ब बिंदूवर, त्याच मम वर खाली. त्याच जूनच्या धोरणात रोख राखीव प्रमाण 4 वरून 3 टक्क्यांवर, चार हप्त्यांत आणायचंही जाहीर झालं होतं. तेही पुरवठ्याच्याच बाजूचं. बँकांना ठेवींतला कमी हिस्सा रिझर्व्ह बँकेत अडकवावा लागतो, बाकीचा कर्जाऊ देता येतो.

एकीने समासात लिहिलंय, 'पण मॅडम, रिझर्व्ह बँक तर आधी दर जाहीर करते, पुरवठा नंतर.' शंका रास्त आहे, त्याबद्दल अर्धा गुण जास्त दिला. प्रत्यक्षात दर आधी ठरतो आणि बँकांचा आपसातला एका रात्रीचा दर त्याच्या आसपास राहावा म्हणून बाजारातला पैसा कमी-जास्त केला जातो. आकृतीत त्याचा अर्थ असा: ठरवलेल्या दरावर मम ला छेद जाईल, तिथे पुरवठ्याची रेषा नेऊन ठेवायची. क्रम उलटा वाचा, हलते तीच रेषा.

ही चूक येते कुठून, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, गोंधळ 'पैशाची मागणी' या शब्दांतच आहे. बऱ्याच जणांनी लिहिलं, 'गृहकर्ज स्वस्त झालं, लोक जास्त पैसे मागू लागले.' ती कर्जाची मागणी. पैशाची मागणी म्हणजे आपली संपत्ती मुदत ठेवीत किंवा रोख्यांत न गुंतवता हाताशी रोख ठेवण्याची इच्छा. सदाशिव पेठेतल्या एखाद्या आजींची ठेव मुदत संपून बचत खात्यात आली आहे असं समजा. आठ टक्के मिळत असतील तर आजी दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेच्या दारात हजर. साडेपाचच मिळत असतील तर 'बघू पुढच्या महिन्यात, गुडघे दुखतायत' म्हणून पैसे खात्यातच पडून राहतात. आजींनी कर्ज काढलेलं नाही, तरी त्यांची पैशाची मागणी वाढली, आणि ती मम वरूनच खाली सरकत वाढली.

काही जणांनी आकृतीऐवजी नाणेबाजारावर टीप लिहिली, कोषागार विपत्रं आणि मागणी पैशासकट. टीप छान आहे, पण विचारलं ते नव्हतं.

अ पासून ब पर्यंत नुसता बाण काढून थांबलात, त्यांचा एक गुण गेला. मधे काय घडतं ते लिहा. जुन्याच दरावर लोकांकडे हवा त्याहून जास्त पैसा झाला. तो ते रोख्यांत घालतात. रोख्यांची किंमत चढते. मुदत नसलेला, वर्षाला 7 रुपये देणारा रोखा 100 रुपयांना मिळत असेल तर व्याज 7 टक्के. तोच 112 रुपयांना झाला तर 7 ला 112 ने भागा: 6.25 टक्के. रुपये तेच 7, दर खाली. पाच जणांनी 'रोख्यांच्या किमती व व्याजदर दोन्ही वाढतात' असं लिहिलंय. त्यांनी हा भागाकार हाताने करून पाहावा.

किरकोळ गोष्टी झटपट. उभ्या अक्षावर 'व्याजदर' लिहा, 'किंमत' नको, 'रेपो' तर नकोच. पुरवठ्याची रेषा पट्टीने उभी काढा; ती तिरकी काढली की व्याज वाढल्यावर पुरवठा आपोआप वाढतो असं तुम्ही म्हणताय. जुनी रेषा खोडू नका. दोन्ही समतोलांपासून अक्षांपर्यंत तुटक रेषा हव्यातच.

मम कधीच हलत नाही का? हलतो की. दिवाळीच्या आधीचा लक्ष्मी रस्ता डोळ्यांसमोर आणा. खरेदी वाढते, खिशात रोख जास्त लागते, व्यवहार हेतूची मागणी वाढते. दर तोच असताना लोकांना जास्त पैसा हवा, म्हणून मम उजवीकडे. पुरवठा जागेवर राहिला तर व्याजदर चढेल. तो चढू द्यायचा नसेल तर रिझर्व्ह बँकेला पप ही उजवीकडे न्यावी लागेल. इथे दोन्ही सरकवलेत तर गुण पूर्ण.

एकाने जूनच्या प्रश्नात दोन्ही सरकवून लिहिलं की दर उतरल्याने गुंतवणूक वाढेल, उत्पन्न वाढेल, मग मागणीही सरकेल. विचार खरा, पण ती पुढची पायरी आहे. तिच्यासाठी शेजारी दुसरी आकृती काढ, एकाच आकृतीत दोन महिने कोंबू नकोस.

मंगळवारी येताना हे करून आणा: 4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 4.40 टक्के केला आणि रोख राखीव प्रमाण 4 वरून 4.50 टक्क्यांवर नेण्याचं जाहीर केलं. एक आकृती, पेन्सिलीने, आणि खाली चार ओळी, त्यात रोख्यांची किंमत आलीच पाहिजे. ज्यांची पट्टी 'हरवली' आहे त्यांनी शेजाऱ्याची घ्यावी.

मॅडम